मदत हवी आहे: बेसा येथील काळ्या मातीच्या प्लॉटवर लहान घराचा पाया – रेतीची गादी की अंडर-रीम्ड पाईल?

बेसा_घर

नमस्कार. नागपूरच्या दक्षिणेला बेसा-पिपळा पट्ट्यातील एका लेआउटमध्ये आमचा ३० बाय ५० फुटांचा प्लॉट असून त्यावर साधारण ९०० चौरस फुटांचे घर बांधावयाचे आहे. सध्या फक्त तळमजला बांधणार आहोत, परंतु पाच-सहा वर्षांनी मुलासाठी वर एक मजला चढवण्याचा विचार असल्याने पाया त्या हिशेबाने घ्यावा असे वाटते. आराखड्यात बारा कॉलम आहेत.

सप्टेंबर महिन्यात दोन खड्डे खोदून पाहिले. पूर्वेच्या कोपऱ्यात आठ फुटांवर पिवळा मुरूम लागला. वायव्येच्या कोपऱ्यात मात्र दहा फूट खोदूनही काळी मातीच होती. तळाशी ती थोडी पिवळसर झाली होती आणि तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे दिसत होते. त्यापुढे खोदणाऱ्यांनी नकार दिला. पाच फुटांवरचा नमुना प्रयोगशाळेत दिला होता, त्याचा अहवाल असा आहे: फ्री स्वेल ८५ टक्के आणि फुगण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १.४ किलो.

आमच्या ठेकेदारांचे म्हणणे आहे की पाच फूट खोल जाऊन, खाली दीड फूट रेतीची गादी देऊन, त्यावर पाच बाय पाच फुटांची फूटिंग घ्यावी. माती फुगली तरी रेती तो फुगवटा पोटात घेते, असे ते सांगतात. आराखडा करून देणारे अभियंता मात्र अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे खालच्या भागात बल्बसारखा फुगवटा असलेले जमिनीतील काँक्रीटचे खोल खांब, सुचवतात आणि त्याचा खर्च ऐकून घरात दोन दिवस वाद सुरू आहे. दोघेही आपापल्या मतावर ठाम आहेत. ज्यांनी अशा जमिनीवर प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे की या प्लॉटला काय योग्य ठरेल.

काटोल_संत्री

आमच्याकडे फरशीखाली रेतीच टाकतात आणि पंधरा वर्षांत एकही टाईल हललेली नाही. दोन-तीन इंच जाडीची, चाळलेली कन्हानची रेती घ्यावी, म्हणजे झाले. त्यासाठी पाईलपर्यंत जाण्याची गरज मला तरी दिसत नाही.

बेसा_घर

धन्यवाद, पण माझा प्रश्न फरशीखालच्या रेतीबद्दल नाही. कॉलमच्या फूटिंगखाली, जमिनीच्या आत पाच-सहा फुटांवर जी जाड गादी देतात, तिच्याबद्दल आहे.

मानेवाडा_बांधकाम

मी वीस वर्षांपासून नागपुरात घरे बांधतो आहे आणि रेतीच्या गादीवर निदान पंधरा-वीस घरे उभी केली आहेत. एकही पडलेले नाही. फ्री स्वेल ८५ म्हणजे शंभराच्या आतच आहे, त्याला अहवालाच्या भाषेत मध्यम म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. रेती मात्र पाणी मारून चांगली ठोकून घ्यावी आणि प्लिंथ बीम जाड ठेवावा. पाईल करायचीच असेल तर बल्ब खरोखर होतो की नाही हे कोणी पाहत नाही, त्यामुळे पैसे जमिनीत जातात. करायचेच ठरले तर प्रत्येक पाईलला सिमेंटच्या किती गोण्या लागल्या ते मोजत राहा. बल्ब झाला नसेल तर लगेच लक्षात येते.

जुना_अभियंता

बेसा_घर, आपण खड्डे खोदून मगच प्रश्न विचारला, हे फार चांगले केले. बहुतेक जण भिंतीला भेगा पडल्यावर विचारतात.

आधी आपल्या अहवालाविषयी. नमुना सप्टेंबरमध्ये घेतलेला आहे, म्हणजे संपूर्ण पावसाळा पिऊन माती आधीच बरीच फुगलेली असताना. फुगण्याचा दाब हा मातीचा कायमस्वरूपी गुण नाही. ती किती कोरडी आणि किती घट्ट असताना तपासली यावर तो अवलंबून असतो. हीच माती मे महिन्यात, जेव्हा भेगांत हातभर काठी सहज जाते, तेव्हा तपासली असती तर दाब याहून जास्त आला असता. म्हणून १.४ हा आकडा कमीत कमी समजून चालावे. फ्री स्वेल ‘मध्यम’ आहे म्हणून निश्चिंत राहणेही बरोबर नाही, कारण त्या चाचणीत चाळलेल्या मातीची भुकटी एका नळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये चोवीस तास ठेवून फक्त आकारमानातील फरक पाहतात. जमिनीतील माती किती जोराने वर ढकलेल हे ती सांगत नाही.

आता तो जोर आपल्या घराला लावून पाहू. १.४ किलो म्हणजे दर चौरस मीटरला १४ टन. तळमजल्याच्या घरात आपल्या एका कॉलमवर सरासरी १० ते १२ टन भार येईल, आणि पाच बाय पाच फुटांच्या फूटिंगचे क्षेत्र सुमारे २.३ चौरस मीटर आहे. म्हणजे घर खाली दाबते चौरस मीटरला साधारण ५ टनांनी आणि माती वर ढकलू शकते १४ टनांनी. वरचा मजला चढवला तरी घराच्या दाबाचा आकडा साडेआठ-नऊच्या पुढे जात नाही. लहान घर काळ्या मातीवर मोठ्या इमारतीपेक्षा जास्त त्रास देते ते यामुळेच: त्याला स्वतःचे पुरेसे वजन नसते.

यावर काही मिस्त्री फूटिंग लहान करण्याचा उपाय सांगतात, म्हणजे दाब वाढेल. हिशेब बरोबर आहे. तीन बाय तीन फूट केली की १२ टनांचा भार बरोबर १४ टन दर चौरस मीटर होतो. परंतु भिजलेली काळी माती तेवढा दाब झेलत नाही, ती खचते. कोरडी माती पाणी पिऊन फुगताना उचलते आणि पूर्ण भिजली की खचते, या कात्रीत उथळ फूटिंग कायम अडकलेली असते.

मानेवाडा_बांधकाम

साहेब, कागदावर सगळेच उलटते. मग आमची घरे उभी कशी राहिली?

जुना_अभियंता

आपला प्रश्न योग्य आहे. आपण ज्या घरांची गोष्ट सांगता त्यांपैकी किती ठिकाणी मुरूम पाच-सहा फुटांवरच होता, हे आठवून पाहावे. नागपूरच्या पश्चिमेकडे बेसॉल्टच्या टेकड्यांलगत काळ्या मातीचा थर बरेचदा कमरेइतकाच असतो. तिथे खड्डा मुरमापर्यंत पोहोचतो आणि श्रेय मात्र रेतीला मिळते.

रेतीच्या गादीमागची कल्पना अशी की खालची माती फुगली तर रेतीचे कण सरकून जागा देतील. परंतु आपणच सांगता की ती पाणी मारून ठोकावी. ठोकलेल्या रेतीत सरकायला जागा उरत नाही, आणि मोकळी ठेवली तर ती भार पडल्यावर स्वतःच खाली बसते. त्याहून मोठा दोष पाण्याचा आहे. काळ्या मातीत खड्डा करून त्यात रेती भरणे म्हणजे मातीच्या परातीत रेती ठेवणे. परातीतून पाणी बाहेर झिरपत नाही, आणि छपराचे, अंगणाचे, फुटलेल्या नळाचे पाणी खड्ड्याच्या सैल भरावातून सरळ तिथे येऊन साठते. म्हणजे जी माती कोरडी राहावी असे आपल्याला वाटते, तिच्याच डोक्यावर आपण पाण्याची टाकी बांधतो. शिवाय कन्हानच्या रेतीचा सध्याचा भाव पाहता हा स्वस्त उपाय आहे असेही म्हणता येत नाही.

मातीवर काहीतरी थर देऊनच काम करायचे असेल तर तो न फुगणाऱ्या, पण थोडी चिकणमाती असलेल्या मुरमाचा असावा. मुंबईच्या आयआयटीत डॉ. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात काळ्या मातीवर जे काम केले त्यातून हाच मार्ग पुढे आला: असा थर पाणी सहज आत सोडत नाही आणि त्याची स्वतःची चिकट पकड खालच्या मातीला आवरून धरते. परंतु त्यासाठी जाडी साधारण एक मीटर लागते आणि थर पातळ-पातळ अंथरून रोलरने दाबावा लागतो. कालवे, रस्ते आणि मोठ्या फरशा यांना ते परवडते. बारा सुटे खड्डे त्याने भरणे मला व्यवहार्य वाटत नाही.

सेलू_वर्धा

माझा अनुभव सांगते, कारण आमच्याकडे पाईल करूनही त्रास झाला. सेलूजवळ २०१६ मध्ये आम्ही चौदा अंडर-रीम्ड पाईलवर घर बांधले. दुसऱ्याच पावसाळ्यात स्वयंपाकघराचे दार ऑगस्टमध्ये घट्ट बसू लागले आणि मे महिन्यात पुन्हा मोकळे झाले. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या, त्याही उन्हाळा-पावसाळ्यानुसार कमी-जास्त होतात. फरशी मधोमध दीड इंच वर आली आहे. पाईल खोटे निघाले असे आम्ही धरून चाललो आहोत. म्हणून बेसा_घर यांना माझा सल्ला आहे की पाईलच्या भानगडीत पडू नये.

जुना_अभियंता

ताई, भेगा मोसमानुसार उघडत-मिटत असतील तर पाया खचलेला नसून माती काहीतरी वर उचलते आहे, एवढे निश्चित. खचण्याच्या भेगा वाढत जातात, मिटत नाहीत. पाईलवर संशय घेण्याआधी दोन गोष्टी सांगाल का? पाईलांना जोडणारा बीम जमिनीवर टेकवून ओतला होता की त्याच्याखाली पोकळी ठेवली होती? आणि फरशीखाली काय भरले आहे?

सेलू_वर्धा

बीम सरळ मातीवरच ओतला होता, खाली विटांचे तुकडे अंथरून. फरशीखाली पाया खोदताना निघालेली मातीच भरली, वर थोडा मुरूम टाकला. ठेकेदार म्हणाले होते की ती माती बाहेर नेण्याचा खर्च कशाला करता.

जुना_अभियंता

मग पाईल बहुधा निर्दोष आहेत. पाईल घराला खाली धरून बसले आहेत आणि बीमखालची माती त्याच बीमला मधून वर ढकलते आहे. भिंत त्या दोघांच्या ओढाताणीत फाटते. आयएस २९११ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात फुगणाऱ्या मातीसाठी बीम जमिनीपासून किमान ८० मिलिमीटर, म्हणजे तीन इंचांहून थोडा अधिक, वर ठेवण्यास सांगितले आहे. सारा खर्च पाईलवर करून ही तीन इंचांची पोकळी विसरलेली घरे मी स्वतः अनेक पाहिली आहेत. आपल्याकडे बीमच्या दोन्ही बाजूंनी उकरून खालची माती थोड्या-थोड्या लांबीत काढता येते. मात्र हे स्थानिक अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे. फरशीचा प्रश्न वेगळा आहे, ती फोडून काळी माती काढल्याशिवाय सुटणार नाही.

बेसा_घर

हे वाचून आमच्या अभियंत्यांनी दिलेले रेखाचित्र पुन्हा पाहिले. त्यात ‘गॅप ७५’ असे लिहिले आहे, पण ती पोकळी करायची कशी हे ठेकेदारांना ठाऊक नाही. आणि गोण्या मोजून बल्ब तपासण्याची सूचना कशी वाटते?

जुना_अभियंता

पोकळी ठेवण्यासाठी बीमच्या तळाशी कोरडी रेती किंवा भाताचा कोंडा भरून त्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकतात, बीम ओततात आणि काँक्रीट पक्के झाल्यावर बाजूने तो भराव काढून घेतात. त्यानंतर दोन्ही बाजूंना उभ्या विटा किंवा पातळ फरशा लावून घेतात, अन्यथा पहिल्याच पावसात माती वाहून येते आणि पोकळी बुजते. शेवटची ही पायरीच सर्वाधिक वेळा राहून जाते. आणि ७५ च्या जागी ८० करून घ्यावे. पाच मिलिमीटरला पैसे लागत नाहीत.

गोण्यांविषयी मानेवाड्याच्या भाऊंचा हेतू चांगला आहे, पण हिशेब करून पाहावा. एक फूट व्यासाचा, १३ फूट खोल साधा पाईल घेतला तर काँक्रीट सुमारे ०.२८ घनमीटर लागते. त्याला अडीच फुटांचा बल्ब केला तर त्यात भर पडते जेमतेम ०.०७ घनमीटरची, म्हणजे सिमेंटची साधारण अर्धी गोणी. छिद्राच्या कडा थोड्या ढासळल्या तरी तेवढे काँक्रीट जास्त लागते. त्यामुळे गोण्यांवरून बल्बची खात्री होत नाही. टोकाशी काटकोनात वाकवलेली सळई छिद्रात सोडून, बल्बच्या उंचीवर ती चहूबाजूंनी फिरवून पाहावी, आणि बल्ब कापताना बादलीतून किती माती वर आली ती शेजारी ढीग करून ठेवण्यास सांगावे. बल्ब कापल्यावर त्याच दिवशी काँक्रीट झाले पाहिजे. रात्रभर उघडा राहिलेला बल्ब सकाळी बहुधा ढासळलेला असतो.

मानेवाडा_बांधकाम

अर्ध्या गोणीचा हिशेब मी कधी केला नव्हता, हे मान्य आहे. पण एक अडचण आपण सांगितली नाही. मुरूम थोडा जरी कडक लागला तरी छिद्र पाडण्याचे, हाताने फिरवायचे ऑगर पुढे जात नाही आणि बल्ब कापणाऱ्या रीमरची पाती त्यात उघडतच नाहीत. मजूर वरच्या मऊ मातीतच बल्ब कापून मोकळे होतात.

जुना_अभियंता

अगदी बरोबर, आणि या धाग्यातील सर्वांत उपयोगी वाक्य हेच आहे. बल्बचे काम घराला नांगरासारखे धरून ठेवण्याचे असते, म्हणून तो ऋतूनुसार ओली-सुकी होणाऱ्या पट्ट्याच्या खालीच हवा. सलग खोल काळ्या मातीत पाईल किमान साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट असावा, हे बंधन त्यासाठीच आहे. खाली लवकरच चांगला न फुगणारा थर लागत असेल तर त्याहून कमी लांबीही चालते. बल्ब सहा फुटांवर कापला तर तो फुगणाऱ्या मातीतच बसतो आणि पाईलला धरण्याऐवजी तिच्याबरोबर वर उचलला जातो.

म्हणून बेसा_घर, पाईल की फूटिंग हा प्रश्न आपल्या प्लॉटपुरता मुरूम कुठे आहे यावर ठरेल. दोन खड्डे पुरेसे नाहीत. हाताचे ऑगर भाड्याने मिळते. उरलेल्या दोन कोपऱ्यांत आणि मधोमध छिद्रे घ्यावीत आणि वायव्येचे छिद्र मुरूम लागेपर्यंत पुढे न्यावे.

बेसा_घर

गेल्या रविवारी छिद्रे घेतली. आग्नेयेला साडेआठ फूट, मधोमध नऊ, नैर्ऋत्येला साडेनऊ आणि वायव्येला बारा फुटांवर मुरूम लागला. वायव्येच्या छिद्रात तळाशी थोडे पाणीही जमले. शेजारच्या काकांचे म्हणणे आहे की लेआउट पडण्यापूर्वी त्या बाजूने एक लहान नाला होता.

जुना_अभियंता

आता रेतीच्या गादीचे चित्र आपल्याच आकड्यांत पाहता येते. पाच फुटांवर फूटिंग आणि तिच्याखाली दीड फूट रेती म्हणजे आपण साडेसहा फुटांवर पोहोचलो. पूर्वेला तिच्याखाली दीड फूट काळी माती उरते आणि वायव्येला साडेपाच फूट. समजा ती भार असतानाही दोन टक्के फुगली, तर एका टोकाला घर एक सेंटिमीटरहून कमी उचलले जाईल आणि दुसऱ्या टोकाला तीन सेंटिमीटरहून अधिक. सगळे घर सारखेच उचलले गेले असते तर कोणाला कळलेही नसते. भिंती फाटतात त्या या फरकामुळे.

माझे मत असे की ज्या कॉलमखाली मुरूम साडेनऊ फुटांच्या आत आहे तिथे खड्डा मुरमात एक फूट नेऊन फूटिंग तिथेच घ्यावी, कॉलम वर आणावा आणि भोवती निघालेली काळी माती न भरता मुरूम भरावा. त्यासाठी पाईलचे यंत्र, रीमर, काहीच लागत नाही.

आरसीसी_डिझाइन

मी स्ट्रक्चरल डिझाइन करते आणि येथे थोडी असहमती नोंदवते. तीस फूट रुंद प्लॉटवर शेजाऱ्याची कंपाउंड भिंत कॉलमपासून तीन-चार फुटांवर असणार. तिच्या कडेला दहा फुटांचा उभा खड्डा खोदला तर काळ्या मातीचे आख्खे पापुद्रे उन्हाने तडकून एकदम सुटतात. खाली माणूस असेल तर वाचत नाही. आधार दिल्याशिवाय असा खड्डा मी कोणाला खोदू देणार नाही, आणि आधार दिला की खर्चाचा फायदा बराचसा संपतो. मी सर्व बारा ठिकाणी पाईलच घेईन. बल्ब कापता येत नसेल तिथे तो सोडून पाईल मुरमात चांगला खोल रुतवावा आणि वर ओढले जाण्याच्या जोरासाठी सळया पूर्ण लांबीपर्यंत न्याव्यात.

भाराचेही लक्षात घ्यावे. एक फूट व्यासाच्या, एका बल्बच्या पाईलला कोडच्या तक्त्यात १६ टन दिलेले आहेत, उचलण्याच्या जोरासाठी त्याच्या निम्मे. तळमजल्यापुरते हे पुरते. वरचा मजला चढल्यावर मात्र सरासरी २० टनांच्या आसपास जाईल आणि मधल्या दोन कॉलमवर ३० टनांपर्यंत. म्हणजे मध्ये दोन-दोन पाईल आणि त्यांवर कॅप लागेल, आणि दोन पाईलांतील अंतर बल्बच्या दुप्पट, म्हणजे पाच फूट ठेवावे लागेल. ही कॅपसुद्धा जमिनीवर टेकता कामा नये. कडेच्या कॉलमसाठी व्यास वाढवावा की दोन बल्ब घ्यावेत, हे आपल्या अभियंत्यांनी भार काढून ठरवावे. पाच वर्षांनी पाईल वाढवता येत नाही.

जुना_अभियंता

खड्ड्याच्या धोक्याबाबत आपले म्हणणे मान्य. शेजाऱ्याच्या भिंतीकडील कॉलमना पाईल आणि मधल्यांना मुरमावर फूटिंग असे मिश्रण मला चालण्यासारखे वाटते, कारण दोन्ही शेवटी मुरमावरच टेकतात.

आरसीसी_डिझाइन

वायव्येला तळाशी पाणी असताना तेथील मुरूम पूर्वेसारखाच कडक असेल असे मी गृहीत धरणार नाही. नाल्याकाठी तो कुजून मऊ झालेला असू शकतो. त्या कोपऱ्यात आणखी तीन फूट खाली जाऊन पाहिल्याशिवाय मिश्रणाला माझी संमती नाही.

बेसा_घर

त्या छिद्रात आणखी खाली जाण्यासाठी पुढच्या आठवड्यात ऑगर पुन्हा आणतो आहे. ठेकेदारांशी रेतीचा विषय संपला. फरशीसाठी दोन फूट काळी माती काढून मुरूम भरण्याचे दर त्यांच्याकडून मागवले आहेत. एक शेवटची शंका: शौचालयाचा शोषखड्डा आराखड्यात वायव्येलाच, घरापासून सहा फुटांवर दाखवला आहे. तो तिथे राहू द्यावा का?

जुना_अभियंता

नाही. वर्षभर पाणी सोडणारा खड्डा आपल्या सर्वांत खोल काळ्या मातीच्या कोपऱ्यात नको. पूर्वेला, घरापासून जास्तीत जास्त दूर न्यावा आणि तळ मुरमात उतरवावा, म्हणजे पाणी जिरेल तरी. वायव्येच्या छिद्रातून निघालेल्या मुरमाचा एक डबा भरून ठेवा आणि रात्रभर पाण्यात भिजवून तो मुरूम बोटांनी कुस्करला जातो का ते कळवा.